डिशवॉशरमध्ये ग्लासांचे टवके उडतात, तडे जातात: फुटलेला ग्लास वाचण्यापासून रॅक लावण्यापर्यंत

नवा डिशवॉशर घरात आला की पहिल्या काही महिन्यांत एकदोन काचेचे ग्लास जातातच, आणि खापर यंत्रावर फुटतं. मग घरात नियम होतो: काच सिंकमध्ये, बाकी सगळं मशीनमध्ये. आमच्या सोसायटीत मशीन घेणाऱ्यांना रॅक लावून दाखवायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं, आणि अशा बऱ्याच घरांतले फुटके ग्लास मी हातात घेऊन पाहिले. बहुतेकांची गोष्ट दोन टप्प्यांची असते. आधी रॅकमध्ये ग्लास कशावर तरी घासतो किंवा आपटतो आणि काठावर नखाएवढाही नसलेला टवका उडतो. तो कुणाला दिसत नाही. पुढे कधीतरी गरम ग्लासला एकदम थंड पाणी लागतं आणि त्या टवक्यापासून तडा धावतो. आपल्याला फक्त दुसरा टप्पा दिसतो, म्हणून सगळे "पाणी फार गरम होतं" म्हणून मोकळे होतात. या लेखात दोन्ही टप्पे घेतले आहेत. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की आधी भरण्याची पद्धत सुधारावी आणि तापमानाकडे त्यानंतर वळावं.

हा लेख रोजच्या पाणी-सरबताच्या ग्लासांसाठी आहे. सोनेरी काठाचे, हाताने नक्षी कोरलेले किंवा आजीच्या काळातले जड क्रिस्टलचे ग्लास मशीनमध्ये घालूच नका.

हाताशी काय लागेल

- कापसाचा बोळा
- मोबाइलचा टॉर्च
- मशीनसोबत आलेलं माहितीपत्रक (प्रोग्रामांच्या तापमानाचा तक्ता त्यात असतो; हरवलं असेल तर मॉडेल नंबर दाराच्या आतल्या कडेवर सापडतो)
- जाड रबरी हातमोजे, स्पंज आणि जुनी वर्तमानपत्रं, काही फुटलंच तर

## १. फुटलेला ग्लास फेकण्याआधी नीट पाहा

काच कशी फुटली हे तिच्यावरच उमटलेलं असतं. तुकडे केरात टाकण्याआधी दोन मिनिटं उजेडात धरा.

काठावरून शिंपल्याच्या आकाराचा छोटा तुकडा निघालेला असेल, त्या जागी कापसाचा बोळा फिरवल्यावर तंतू अडकत असतील, तर तो आघात आहे. ग्लास शेजारच्या ग्लासवर, वाटीवर किंवा रॅकच्या उघड्या पडलेल्या तारेवर आपटला. याचा तापमानाशी संबंध नाही. थंड पाण्यात धुतला असता तरी हेच झालं असतं.

तडा लांब, गुळगुळीत आणि वळणं घेत गेलेला असेल, त्याच्या वाटेवर कुठेही चुरा झालेली जागा नसेल, तर तो तापमानाचा तडा. याचं सगळ्यात ओळखू येणारं रूप म्हणजे बूड सुटणं. ग्लास उचलावा आणि खालची चकती टेबलावरच राहावी. जाड बुडाच्या ग्लासात बूड आणि बाजूची भिंत जिथे मिळतात तिथे जाडी एकदम बदलते. पातळ भिंत पटकन थंड होते, बूड गरमच राहतं आणि त्या सांध्यावर ताण येतो. कटिंगच्या जाड ग्लासांचं हे नेहमीचं मरण आहे.

तिसरा प्रकार जास्त बोलका. तडा लांब आणि वळणदारच असतो, पण तो उलट्या दिशेने शोधत गेलात की काठावरच्या एका बारीक टवक्यात जाऊन संपतो. म्हणजे टवका आधीचा, तडा नंतरचा. घरात असे ग्लास निघाले तर रॅक लावण्याची पद्धत तपासा, प्रोग्राम बदलून फार फरक पडणार नाही.

ग्लासचे शेंगदाण्याएवढे असंख्य दाणे झाले असतील तर ती टफन्ड काच होती. ती साध्या काचेपेक्षा चिवट असते, पण काठाला खोल टवका बसला तर कधीकधी सगळीच्या सगळी एकदम विखुरते, आणि तेही कपाटात नुसती उभी असताना. त्यामुळे टफन्ड ग्लासला टवका दिसला की तो त्याच दिवशी बाद.

ग्लास नुसता पांढरट, ढगाळ झाला असेल तर तो या लेखाचा विषय नाही. व्हिनेगरमध्ये बुडवून पाहा: निघाला तर क्षार, नाही निघाला तर काचेचा पृष्ठभागच झिजला आहे.

## २. कपाटातले जखमी ग्लास वेगळे काढा

ही पायरी लोक गाळतात आणि मग "सगळं नीट लावलं तरी फुटला" म्हणून फोन करतात. काचेच्या पृष्ठभागावर चरा असेल तर तिची ताकद प्रचंड घटते, कारण ओढ बसली की सगळा ताण त्या चऱ्याच्या टोकाशी गोळा होतो. शिवाय पाणी आणि ओढ एकत्र आली की चरा फार संथपणे आत सरकत राहतो. चऱ्याच्या टोकाशी पाण्याचे रेणू पोचून काचेतले बंध तोडतात, आणि गरम पाण्यात हे काम आणखी वेगाने होतं. म्हणून जानेवारीत उडालेला टवका मार्चमध्ये तडा बनू शकतो, आणि तोही एखाद्या साध्याच धुण्यात. आधी कैक वेळा त्याच प्रोग्राममधून गेलेला ग्लास आज अचानक का गेला, याचं उत्तर बहुतेकदा इथे असतं.

तपासणी सोपी आहे. कोरड्या ग्लासच्या काठावरून कापसाचा बोळा हलकेच फिरवा, आतून आणि बाहेरून. जिथे तंतू अडकतील तिथे टवका आहे. बोटाने ही तपासणी करू नका. नंतर खोलीतला दिवा मालवून टॉर्च बुडाला टेकवा. तडा असेल तर तो चमकत्या रेषेसारखा उजळतो, तर नुसता वरवरचा ओरखडा धूसर राहतो. शेवटी ग्लास बुडाजवळ दोन बोटांत धरून चमच्याने अगदी हलकं टिचकवा. धडधाकट ग्लास वाजतो, तडा गेलेला बद्द आवाज देतो.

टवका सापडलेला ग्लास पिण्यासाठी वापरू नका. त्यात पेनं ठेवा, मनी प्लांट लावा, पण मशीनमध्ये पुन्हा घालू नका.

तपासताना ग्लास कुठल्या काचेचा हेही बघून ठेवा. बाजारातले बहुतेक स्वस्त ग्लास साध्या सोडा-लाइम काचेचे असतात. ती काच ढोबळमानाने ४० ते ६० अंश सेल्सिअसचा अचानक फरक सोसते. जाड असेल तर त्याहून कमी, चरा असेल तर आणखी कमी. बोरोसिलिकेट काच गरम झाल्यावर साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, म्हणून ती याहून कितीतरी मोठा फरक पचवते. प्रयोगशाळेतली काच तीच. पण आपटण्यापासून बोरोसिलिकेटला काहीही संरक्षण नाही. उलट हे ग्लास पातळ आणि हलके असतात, त्यामुळे फवाऱ्याने जास्त हलतात. "बोरोसिलिकेट आहे, कसंही ठेव" हे ऐकलं की मला धडकी भरते.

## ३. वरच्या रॅकमध्ये ग्लास लावा, आणि एकटे लावा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. काचेचे ग्लास नेहमी वरच्या रॅकमध्ये. खालच्या रॅकमध्ये फवाऱ्याचा जोर अधिक असतो, आणि शेजारी कढई, कुकर, परात अशी जड मंडळी असतात.

ग्लास उलटे ठेवायचे हे सगळ्यांना कळतं. कुठे ठेवायचे यात गोंधळ होतो. रॅकमध्ये ज्या उभ्या तारा असतात त्यांना मी खुंट्या म्हणते. ग्लास खुंटीवर टोपीसारखा चढवायचा नाही. तो दोन खुंट्यांच्या ओळींमधल्या गल्लीत बसवायचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी त्याला आधार मिळतो. खुंटीवर चढवलेला ग्लास एका टेकूवर लटकतो, पाण्याच्या माऱ्याने डोलतो आणि त्याची आतली बाजू तारेवर घासत राहते. एका धुण्यात काही होत नाही. महिनाभर रोज घासला तर नेमका एकाच जागी चरा पडतो.

दोन ग्लासांमध्ये बोट जाईल एवढी फट ठेवा. धुताना प्रत्येक ग्लास थोडा थरथरतो, आणि काच काचेवर थरथरली की काठ जातो. चाचणी अशी: रॅक भरून झाला की तो दोन्ही हातांनी धरून जरासा हलवा. किणकिण ऐकू आली तर कुठेतरी दोन ग्लास एकमेकांना लागताहेत. ते शोधा, हलवा, पुन्हा ऐका. आवाज येईनासा झाला की मगच रॅक आत ढकला.

आता आपल्या घरांतला खास सापळा: स्टीलची वाटी. पोह्यांची, आमटीची, कोशिंबिरीची हलकी वाटी खालून येणाऱ्या फवाऱ्याने सहज उलटते, आणि एकदा उलटली की धुणं संपेपर्यंत शेजारच्या ग्लासवर ठोके देत राहते. प्लॅस्टिकच्या डब्यांची झाकणंही उडतात, पण ती मऊ असल्याने काचेचं फार नुकसान करत नाहीत. स्टील काचेला भारी पडतं. म्हणून वाट्या आणि फुलपात्रं ग्लासांच्या ओळीत नकोत. वरच्याच रॅकमध्ये ठेवायची असतील तर दुसऱ्या टोकाला, एकमेकींत तिरक्या अडकवून, आणि मध्ये खुंट्यांची एक रिकामी ओळ सोडून ठेवा. झारा, उलथणं आणि लांब पळ्या ग्लासांवर आडव्या टाकू नका.

ग्लास किंचित तिरका बसला तर उत्तम. बहुतेक ग्लासांचं बूड आत दबलेलं असतं, आणि उलटं ठेवल्यावर तिथे तळं साचतं. ते गढूळ पाणी बाहेर काढताना तुम्ही ग्लास झटकता आणि तो शेजारच्यावर आपटतो. टवक्यांपैकी बरेच धुताना नाही, असेच रिकामं करताना उडतात.

रॅकच्या तारांवरचं प्लॅस्टिकचं आवरणही महिन्यातून एकदा बघा. कुठे सोललं असेल, आतली तार गंजून खरखरीत झाली असेल, तर तिथे टेकलेला प्रत्येक ग्लास ओरखडला जातो. अशा टोकांवर चढवायच्या छोट्या टोप्या ऑनलाइन मिळतात. त्या येईपर्यंत तिथे काच ठेवू नका.

रॅक आत ढकलताना आणि ओढताना दोन्ही हात वापरा. धावपळीत गुडघ्याने ढकललेला रॅक मागे धाडकन थांबतो आणि सगळे ग्लास एकदम पुढे झुकतात.

## ४. उंची आणि पंखा तपासा

उंच ग्लास असतील, बिअरचे असोत की लस्सीचे, तर वरच्या रॅकच्या वर किती जागा आहे ते पाहा. वर तिसरा चमच्यांचा ट्रे असेल तर ती जागा आणखी कमी होते. ग्लासचं बूड वरच्या ट्रेला टेकलं तर रॅक आत ढकलताना तो तिथे अडतो आणि काठावर सगळा भार येतो. बऱ्याच मशीनमध्ये वरच्या रॅकच्या दोन्ही बाजूंना खटके असतात. ते दाबून रॅक काही सेंटिमीटर खाली किंवा वर घेता येतो. दोन्ही बाजू एकाच पातळीवर आल्या आहेत ना ते बघा. एक बाजू वर आणि एक खाली राहिली तर सगळी रांग कलते.

रॅक खाली घेतला की त्याच्या खालचा पाणी उडवणारा पंखाही खाली येतो, आणि मग खालच्या रॅकमधल्या कढईचा कान त्याला लागू शकतो. म्हणून सुरू करण्याआधी दोन्ही पंखे हाताने एक पूर्ण फेरी फिरवून पाहा. वरच्या रॅकच्या जाळीतून खाली डोकावलेली पळीची दांडी किंवा चमचा पंख्याला अडला तर तो प्रत्येक फेरीला टक्कर देतो. मशीनमधून लयीत येणारी टकटक म्हणजे बहुतेकदा हेच. थांबवा, उघडा, बघा.

## ५. काचेला तिचा प्रोग्राम द्या

इथे तापमान येतं. यंत्रात ग्लासला धक्का नेमका कधी बसतो, हे समजून घ्या.

सुरुवातीला सहसा बसत नाही. आपल्याकडे बहुतेक मशीन साध्या थंड नळाला जोडलेली असतात. पाणी आत येतं ते नळाच्या तापमानाचं, आणि आतला हीटर ते सावकाश तापवतो. ग्लासही पाण्याबरोबरच तापत जातो. फ्रिजमधून आलेला बर्फाचा ग्लास लगेच आत ठेवला तरी सहसा निभावतो. अपवाद एकच, पण पुण्या-नाशिकच्या इमारतींत तो भेटतो: मशीनची नळी सोलरच्या गरम पाण्याला जोडलेली. उन्हाळ्याच्या दुपारी सोलरचं पाणी ६० अंशांच्या आसपास येतं, आणि बर्फाचा ग्लास ५ अंशांचा. फरक थेट ५५. वीज वाचते हे खरं, पण काच धुवायची असेल तर जोडणी थंड नळालाच ठेवा.

खरा धक्का मधल्या पाणीबदलाला बसतो. गरम धुणं झालं, घाण पाणी बाहेर गेलं, आणि विसळायला नळाचं ताजं पाणी आत आलं. कढयांसाठीच्या ७० अंशांच्या प्रोग्राममध्ये ग्लास तोपर्यंत ७० च्या जवळ पोचलेला असतो. त्यावर २५-३० अंशांचं पाणी उडतं. म्हणजे ४० ते ४५ अंशांचा फरक, साध्या काचेच्या मर्यादेच्या काठावर. नाशिकच्या डिसेंबरात नळाचं पाणी १५ अंशांचं असेल तर फरक ५५ वर जातो. ४५ अंशांच्या ग्लास प्रोग्राममध्ये हाच हिशेब १५ ते ३० अंशांवर थांबतो. काही यंत्रांत ताजं पाणी भांड्यांच्या पेटीला लागून असलेल्या टाकीत आधी कोमट करून मग आत सोडतात. तिथे धोका कमी होतो, पण अशा यंत्रातही ग्लास कढईच्या प्रोग्रामला लावायचं कारण उरत नाही.

गरम काच एकदम गार करणं हे थंड काच एकदम गरम करण्यापेक्षा वाईट का, हेही सांगते. गार पाणी लागलं की वरचा थर आकसू पाहतो, आतला गरम थर त्याला आकसू देत नाही, त्यामुळे वरच्या थरावर ओढ बसते. चरे त्याच थरात असतात. काचेला दाब खूप सोसतो, ओढ फारच थोडी.

म्हणून वेळापत्रक असं ठेवा: तेलकट कढई, कुकर, तवा यांचा ७० अंशांचा लोड वेगळा. ग्लास, चहाचे कप, नाजूक ताटल्या यांचा ४० ते ४५ अंशांचा लोड वेगळा. रोज दोन लोड परवडत नसतील तर ग्लास दोन दिवस साठवा. तेही जमत नसेल तर एकत्र लोडला ५० अंशांचा इको निवडा, आणि कढईला आधी गरम पाणी आणि साबण घालून अर्धा तास भिजत ठेवा.

आणखी एक सापळा. मशीन निम्म्यात आलं, आणि ओट्यावर राहिलेला एक ग्लास दिसला. दार उघडून तो आत सारला जातो. त्या क्षणी आत ६० अंशांचं पाणी असू शकतं, आणि हा ग्लास थंड, कधी तर नुकत्याच बर्फाने भरलेला. तो राहू दे.

## ६. संपल्यावर घाई करू नका

मशीनने पीप केलं म्हणजे ग्लास थंड झाले असं नाही. शेवटचं विसळणं गरम पाण्यातच होतं, कारण त्याच उष्णतेवर भांडी वाळतात. गरम प्रोग्रामनंतर ग्लास ५०-६० अंशांचे असतात, हाताला चटका बसेल एवढे.

दार चार बोटं किलकिलं करून अर्धा तास सोडा. हवा उष्णता सावकाश नेते, त्यामुळे पंख्याखाली ठेवले तरी ग्लासला काही होत नाही. धोका पाण्याचा आणि दगडाचा. गरम ग्लास ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर उपडा ठेवला तर दगड काठाची उष्णता एकदम शोषून घेतो. कोरडं फडकं पसरा, त्यावर ठेवा. आणि गरम ग्लास नळाखाली विसळू नका, "एकदा साध्या पाण्यातून काढते" म्हणून तर मुळीच नाही.

रिकामं करताना आधी खालचा रॅक काढा. वरच्या ग्लासांच्या बुडात साचलेलं पाणी मग खालच्या कोरड्या भांड्यांवर ठिबकत नाही, आणि तेवढ्या वेळात ग्लासही निवतात.

## एका पाडव्याचा लोड

ओळखीतल्या एका घरी गुढीपाडव्याला दुपारी पंगत होती. पन्ह्याला बारा ग्लास, सगळे एकाच सेटचे, जाड बुडाचे, साध्या काचेचे. पुऱ्यांची कढई खाली, वर ग्लास, आणि त्याच ओळीत श्रीखंडाच्या वाट्या. सगळ्यांवर मिळून कढईचा ७० अंशांचा प्रोग्राम. संध्याकाळी दुसरे पाहुणे आले तेव्हा मशीन नुकतंच थांबलं होतं. ग्लास काढले, पुसले आणि फ्रिजमधलं पन्हं ओतलं. दोन ग्लास गेले. एकाचं बूड ट्रेवरच राहिलं, दुसऱ्याला काठापासून अर्ध्यापर्यंत तडा गेला. दुसऱ्या दिवशी तपासल्यावर आणखी एका ग्लासला टवका सापडला.

हिशेब मांडा. ग्लास ५५ अंशांच्या आसपास, पन्हं ८ अंशांचं, फरक ४७. म्हणजे बाराच्या बारा ग्लासांना सारखाच धक्का बसला, आणि सेटही एकच. तरी दहा वाचले. काठापासून तडकलेल्या ग्लासचा तडा मागे शोधत गेलो तर तो एका बारीक जुन्या टवक्यात संपत होता. बुडाचा ग्लास उजेडात धरला तर आतल्या बाजूला, बुडाच्या जरा वर, एकाच जागी घासल्याची पांढरी खूण होती. तो खुंटीवर चढवलेला असायचा. तिसऱ्याचा टवका ताजा, शिंपल्यासारखा, आणि रॅकमध्ये त्याच्या शेजारी वाटी होती. दहा ग्लासांकडे तापमान सोसण्याएवढी ताकद होती, दोघांकडे उरली नव्हती, आणि तिसऱ्याचा नंबर पुढच्या सणाला लागला असता.

त्या घरी पुढे तीनच बदल केले. वाट्या दुसऱ्या टोकाला, ग्लास गल्लीत, आणि काचेला ४५ अंशांचा वेगळा लोड. उरलेले नऊ ग्लास अजून वापरात आहेत.

## ७. आत फुटलाच तर

मशीन बंद करा आणि आतलं सगळं गार होऊ द्या. हातमोजे घाला. आधी वरचा रॅक हळूच बाहेर काढून मोठे तुकडे उचला, मग खालचा रॅक संपूर्ण बाहेर घ्या. तळाशी राहिलेले तुकडे ओल्या वर्तमानपत्राने गोळा करा. बारीक कण कणकेच्या गोळ्याला चिकटून येतात. तो गोळा मग तुकड्यांसोबत टाकून द्या.

फिल्टर फिरवून काढा आणि उजेडात पाहा. त्याच्या खालच्या खड्ड्यात पाणी असेल तर ते स्पंजने टिपून घ्या, हात थेट घालू नका. एखादी कपची पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपापर्यंत गेली तर पंप अडतो. मशीन घरघरतं, पाणी तळाशी राहतं, आणि बॉश किंवा सीमेन्सच्या यंत्रांवर `E25` दिसतो. अशा वेळी मशीनचा प्लग काढून, माहितीपत्रकात दाखवल्याप्रमाणे पंपावरचं झाकण उघडा आणि आतली पाती अडली आहेत का ते चिमट्याने बघा. झाकण परत लावताना ते खटकन बसलं पाहिजे, नाहीतर तोच कोड पुन्हा येतो. पंप खोलायची धास्ती वाटली तर इथे सर्व्हिसवाल्याला बोलवा.

त्या लोडमधली सगळी भांडी नळाखाली एकेक विसळा. प्लॅस्टिकचे डबे आणि मुलांच्या बाटल्या नीट तपासा, कारण मऊ प्लॅस्टिकमध्ये कपची रुतून बसते. आधी रिकाम्या मशीनमध्ये एक विसळण्याचा प्रोग्राम चालवा. त्यानंतरचा पहिला लोड फक्त स्टीलचा ठेवा, आणि तो झाल्यावर फिल्टर पुन्हा काढून पाहा. त्यात काच आली नाही तर मग ग्लास. तुकडे जाड कागदात गुंडाळून, वर मोठ्या अक्षरांत "काच" लिहून, कचरा नेणाऱ्या मावशींच्या हातात वेगळे द्या.